बगीच्याचा एकच रंग : वरुडच्या चोवीस फोटोंचं कलर ग्रेडिंग

वरुड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला बाहेरच्या खरेदीदारांसाठी संत्र्याची छोटी पुस्तिका छापायची होती. फोटो चोवीस निवडले होते. त्यातले काही लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्थानिक छायाचित्रकाराने चांगल्या कॅमेऱ्यावर रॉमध्ये काढलेले, बाकीचे शेतकऱ्यांच्या मोबाइलवरचे. काही आंबिया बहाराच्या तोडीचे, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले, तर काही मृग बहाराचे, फेब्रुवारी-मार्चमधले. कोणता भर दुपारचा, कोणता झाडाखालच्या कवडशांतला, कोणता सकाळच्या धुक्यातला. पुस्तिकेची मांडणी माझ्याकडे होती आणि मागणी साधी होती : सगळे फोटो एकाच दिवशी, एकाच माणसाने काढल्यासारखे दिसले पाहिजेत.

काम तिघांत वाटलं. छायाचित्रकार, कंपनीच्या कार्यालयात संगणक सांभाळणारा एक तरुण आणि मी. लूक कोणता ठेवायचा यावर फारसा वाद झाला नाही. छायाचित्रकार म्हणाला, ‘टील-ऑरेंज करू, मस्त उठून दिसते.’ टील म्हणजे निळसर-हिरवा. सगळ्यांनी होकार दिला आणि प्रत्येक जण आपापले आठ फोटो घेऊन बसला.

परत आले ते तीन वेगवेगळ्या पुस्तिकांचे फोटो होते. छायाचित्रकाराने आपला लग्नाचा प्रीसेट लावला होता. त्यात कॅलिब्रेशनमधला निळ्या प्रायमरीचा ह्यू पार डावीकडे नेलेला, सावल्यांत दाट टील आणि काळा रंग इतका दाबलेला की सावलीतलं काहीच दिसेना. कार्यालयातल्या तरुणाने मोबाइल अॅपमधला तयार फिल्टर वापरला. त्या फिल्टरने टील फक्त सावलीत न टाकता उजेडातही टाकला होता, त्यामुळे शेतकऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या हिरवट झाल्या. माझे आठ फोटो सौम्य होते, पण त्या दोघांच्या शेजारी ठेवले की ग्रेडिंग केलेलंच नाही असं वाटे. तिघांनीही केलं होतं टील-ऑरेंजच. त्या नावात दिशा कळते; किती, कुठे आणि कशाला हात लावायचा नाही, हे कळत नाही.

हा लूक बगीच्यात का फसतो

टील-ऑरेंजमागचं गणित सरळ आहे. माणसाची त्वचा गोरी असो की सावळी, रंगचक्रावर ती नारंगीच्या पट्ट्यात पडते. सावळा रंग म्हणजे कमी उजेडाचा नारंगीच. टील हा नारंगीच्या समोरचा रंग. पार्श्वभूमी आणि सावल्या टीलकडे ढकलल्या की चेहरा आपोआप वेगळा उठतो. डिजिटल ग्रेडिंग आल्यावर सिनेमावाल्यांनी हे इतकं वापरलं की ते लग्नाच्या अल्बमपर्यंत पोचलं. रात्रीचा मांडव, मागे निळी रोषणाई, पुढे नवरा-नवरी, तिथे ते शोभतंही.

संत्र्याच्या बगीच्यात मात्र नारंगी रंग माणसाची मक्तेदारी नसते. फोटोत चेहराही नारंगी पट्ट्यात, हातही, आणि मागे लटकलेली शेकडो फळंही. नारंगी वाढवला की चेहरा फळांतून उठत नाही, उलट फळांत मिसळतो. उरलेली बहुतेक चौकट हिरव्या पानांची असते, आणि हिरवा रंग टील आणि नारंगी या दोघांच्या मध्ये अडकलेला. तो कुठेतरी ढकलला जातोच.

कुठे ढकलला गेला हे पॅकिंग शेडमध्ये फोटो दाखवले तेव्हा कळलं. एका जुन्या बागायतदार काकाजींनी छायाचित्रकाराचा पहिलाच फोटो पाहून विचारलं, ‘हे पानं काये काहून दिसून रायले बा? कोयशी आली काय बगीच्यात?’

कोळशी म्हणजे काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी. तिचा थर पानांवर आणि फळांवर बसतो. वरुड-मोर्शी पट्ट्यात हे नाव निघालं की माणूस सावध होतो. संत्र्याचं पान मुळात गडद आणि चकचकीत. झाडाच्या आतल्या भागात ते जवळपास सावलीच्या टोनमध्येच असतं. त्या टोनमध्ये दाट टील मिसळला आणि वरून काळा रंग दाबला, की निरोगी पानावर काजळी धरल्यासारखं दिसतं. खरेदीदाराच्या पुस्तिकेत हे परवडणारं नव्हतं.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर होता. आंबियाच्या एका फोटोकडे बोट दाखवून तोडीचं काम पाहणारा दादा म्हणाला, ‘हा संत्रा तं अजून रंगावर आला नोता. फोटोत रंगला कसा?’ तो झाड ओळखत होता. आंबियाचं फळ ऑक्टोबरात आतून गोड झालेलं असलं तरी सालीवर हिरवी झाक राहते, कारण सालीतलं हरितद्रव्य जायला थंड रात्री लागतात आणि त्या तेव्हा पुरत्या सुरू झालेल्या नसतात. छायाचित्रकाराच्या प्रीसेटमध्ये पिवळ्याचा ह्यू डावीकडे, म्हणजे नारंगीकडे सरकवलेला होता. फळाच्या देठाजवळची हिरवट-पिवळी झाक ही नेमकी त्या पिवळ्या स्लायडरच्या हद्दीत येते. स्लायडर सरकला आणि फळ एका फटक्यात पिकलं. पुस्तिका पाहून खरेदीदार बगीच्यात आला असता आणि झाडावर हिरवट फळ दिसलं असतं, तर बोलणी तिथेच बिघडली असती. लग्नाच्या अल्बममध्ये रंग हा आवडीचा प्रश्न असतो, इथे तो मालाचं वर्णन होता.

मग पेस्टल करू असं ठरलं. कार्यालयातल्या तरुणाने दोन फोटो करून दाखवले : सॅच्युरेशन उतरवलेलं, काळा रंग उचलून राखाडी केलेला, हिरव्याचा ह्यू पिवळ्याकडे. मोबाइलवर छान दिसत होते, कॅफेच्या जाहिरातीसारखे. पण आता पाला पिवळा पडला. विदर्भाच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह आणि जस्ताच्या कमतरतेने पानं खरोखरच पिवळी पडतात, आणि तिथल्या प्रत्येकाला तो पिवळेपणा ओळखता येतो. शिवाय ज्या बाया फळांची प्रतवारी करत होत्या त्यांचे सावळे चेहरे राखट झाले. गडद त्वचेतला नारंगी काढून उजेड वाढवला की उरते ती राख. पेस्टलचा हा दोष गोऱ्या चेहऱ्यांवर फारसा दिसत नाही, म्हणून प्रीसेट बनवणाऱ्यांच्या तो लक्षातही येत नसावा.

वर्णन वस्तूंच्या आधाराने

मला यातून एवढंच सुचलं की लूकचं नाव बाजूला ठेवून तो लिहून काढायचा, आणि लिहिताना स्लायडरचे आकडे दुय्यम ठेवायचे. आकड्यांची अडचण अशी की ते एका फाइलवरून दुसऱ्या फाइलवर तसेच जात नाहीत. लाइटरूममध्ये रॉ फाइलला टेंपरेचर केल्व्हिनमध्ये दिसतं, मोबाइलच्या जेपेगला उणे शंभर ते अधिक शंभर अशी नुसती सापेक्ष पट्टी मिळते. मोबाइलने रंग आधीच चढवून ठेवलेले असतात, सावल्या आधीच उचललेल्या असतात. रॉवर जो आकडा सौम्य दिसतो तोच जेपेगवर भडक होतो. तिघांनी एकच आकडे टाकले असते तरी तीन लूक मिळाले असते.

म्हणून मी चोवीस फोटो समोर ठेवून पाहिलं की यात वारंवार येणाऱ्या वस्तू कोणत्या. फळ, हात किंवा चेहरा, पान, काळी माती, आकाश, निळी ताडपत्री. आणि एक वस्तू अशी सापडली की सगळा प्रश्न तिनेच सोडवला : झाडाचं खोड. डिंक्या रोगाला आळा म्हणून संत्र्याच्या खोडाला जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. वाळल्यावर तिचा रंग फिकट निळसर-हिरवा होतो, वर थोडी पांढुरकी पूड. म्हणजे बगीच्यात टील आधीच होता, तो बाहेरून आणायची गरजच नव्हती. फक्त तो फिका, मळका आणि कमी जागेत होता. छायाचित्रकाराच्या फोटोंत हीच खोडं झळझळीत टील होऊन नजर ओढत होती, हे मग माझ्या ध्यानात आलं.

वाळलेल्या बोर्डोचा रंग ही टीलची वरची मर्यादा मानली आणि नोंद लिहिली. ती तिघांना पाठवली ती अशी :

> फोटो उन्हाळलेला किंवा गोठलेला वाटू नये. तोडीच्या दिवसातली दहा वाजताची वेळ वाटावी.
>
> फळ : हाताळायचं नाही. नारंगी आणि पिवळ्याचा ह्यू शून्यावरच. देठाजवळची हिरवी झाक आहे तशी दिसली पाहिजे.
>
> चेहरा आणि हात : तपकिरी, उबदार, गुलाबी नाही, राखट नाही. सावलीत पानांचा हिरवा उजेड चेहऱ्यावर पडला असेल तर तेवढ्याच भागावर मास्क करून काढायचा.
>
> पान : गडद हिरवं, थोडं मंद. निळं नाही, पिवळं नाही. पानांच्या गर्दीतही आतली फांदी दिसली पाहिजे.
>
> सावल्या : अगदी हलका टील. खोडावरच्या वाळलेल्या बोर्डोपेक्षा कोणतीही सावली जास्त निळी दिसता कामा नये. काळी माती काळीच. तिच्यात निळा दिसला तर जास्त झालं.
>
> उजेडाचा भाग : किंचित पिवळसर-नारंगी. पांढरं कापड पांढरंच वाटावं, नव्या कागदासारखं नाही.
>
> सगळ्यात गडद भाग पूर्ण काळा नाही, जरासा उचललेला.
>
> आकाश आणि ताडपत्री : दोन्ही एकाच फिकट, हिरवट निळ्यात आणायचे. ताडपत्री फळांवर मात करणार नाही इतकी मंद.

खाली आकडेही दिले, पण ‘रॉसाठी सुरुवात इथून, मग डोळ्याने’ अशा सूचनेसह. कलर ग्रेडिंगच्या चाकांवर सावलीचा ह्यू 195च्या आसपास आणि सॅच्युरेशन 8च्या आत. उजेडाचा ह्यू 42च्या आसपास, सॅच्युरेशन 5. निळ्याचा ह्यू उणे 15, सॅच्युरेशन उणे 25. हिरव्याचं सॅच्युरेशन उणे 10. टोन कर्व्हचं खालचं डावं टोक 255 पैकी 12 ते 15 वर. छायाचित्रकाराच्या प्रीसेटमध्ये सावलीचं सॅच्युरेशन 30च्या वर होतं. लूक बऱ्याच अंशी याच एका आकड्यावर ठरतो आणि लोक तोच सर्वांत निष्काळजीपणे सरकवतात.

नोंदीत सगळ्यात उपयोगी पडल्या त्या ‘नाही’च्या ओळी. ‘उबदार तपकिरी’ म्हटलं की तिघे तीन ठिकाणी थांबतात. ‘गुलाबी नाही, राखट नाही’ म्हटलं की दोन्ही बाजूंनी कुंपण पडतं आणि मधली जागा बरीच अरुंद होते.

एक फोटो, सुरुवातीपासून

प्रतवारीचा एक फोटो सगळ्यात अवघड होता, म्हणून तोच आधी केला आणि बाकीच्यांसाठी नमुना ठरवला. झाडाखाली निळ्या ताडपत्रीवर फळांचा ढीग, बाजूला बसलेली एक बाई, तिच्या हातात एक फळ. हात उन्हाच्या कवडशात, चेहरा सावलीत. मागे पांढरी टोपी घातलेला एक माणूस क्रेट उचलतोय. फोटो मोबाइलचा.

पहिलं काम लूकचं नव्हतंच. आधी फोटो मूळ रंगावर आणायचा, मग त्याला लूक द्यायचा. हे उलटं केलं तर प्रत्येक फोटोच्या चुकीच्या रंगावर लूक चढतो आणि मग तो कधीच जुळत नाही. मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स चौकटीतल्या सगळ्या रंगांची गोळाबेरीज पाहून अंदाज बांधतो. चौकटभर संत्री असली की त्याला वाटतं उजेडच नारंगी आहे, आणि तो फोटो थंड करतो. चौकटभर पानं असली की हिरवा काढण्यासाठी जांभळट छटा टाकतो. एकाच झाडाखाली, मिनिटाच्या अंतराने काढलेले दोन फोटो म्हणूनच वेगळे येतात.

कार्यालयातल्या तरुणाने इथे व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर मागच्या माणसाच्या पांढऱ्या टोपीवर टेकवला. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. फोटो एकदम पिवळा झाला. टोपीला नीळ दिलेली होती. डोळ्याला ती शुभ्र वाटते, कॅमेऱ्याला ती निळसर असते. ड्रॉपरने तो निळा ‘दुरुस्त’ केला आणि सगळ्या फोटोत पिवळा ओतला. बाजारातल्या बहुतेक धुण्याच्या पावडरींतली चमक आणणारी रसायनंही उन्हात हाच घोळ करतात. गावाकडच्या फोटोत टोपी, धोतर, पांढरा सदरा यांवर ड्रॉपर लावायचाच नाही, असं त्यानंतर ठरवून टाकलं.

कॅमेऱ्याच्या फोटोंना छायाचित्रकाराने प्रत्येक ठिकाणी करड्या कार्डाचा एक फोटो घेतला होता, तिथे प्रश्न नव्हता. मोबाइलच्या फोटोत कार्ड कुठून येणार? या चौकटीत क्रेटच्या तळाशी अंथरलेली वर्तमानपत्राची रद्दी दिसत होती. तो कागद किंचित पिवळसर असतो, पण त्यात नीळ नसते. त्यावर ड्रॉपर लावून मग टेंपरेचर थोडं उबदार बाजूला घेतलं. पडताळणी हाताने केली : कवडशातला हात तपकिरी दिसला, तळहात जरा फिका दिसला, म्हणजे जुळलं.

यानंतर उजेड. मोबाइलने सावल्या खूप उचलून फोटो सपाट केला होता, त्यामुळे काळ्या मातीत काळेपणच नव्हतं. ब्लॅक थोडे खाली आणले, व्हायब्रन्स उणे 12. आता हा फोटो रॉच्या जवळपास आला. आठपैकी चार-पाच मोबाइल फोटोंना लूकपेक्षा या पायरीवरच जास्त वेळ लागतो, आणि ही पायरी नीट झाली की पुढचं काम निम्मं होतं.

मग नोंद उघडून एकेक ओळ. ताडपत्रीचा निळा हिरवट बाजूला सरकवून मंद केला, तेव्हा ढिगाच्या खालच्या फळांवर पडलेली निळी झाक उरलेली दिसली. ताडपत्रीवरून परावर्तित झालेला उजेड होता तो. ब्रशने तेवढ्या पट्टीवर सॅच्युरेशन कमी केलं आणि किंचित ऊब दिली. पूर्ण काढली नाही. ताडपत्रीवर ठेवलेलं फळ खालून थोडं निळं असणारच, आणि ती झाक पूर्ण गेली की फळ चिकटवल्यासारखं दिसतं.

चेहऱ्यावर पानांचा हिरवा उजेड होता. मास्क करून टिंट जांभळ्या बाजूला 6ने हलवला, टेंपरेचर थोडं वाढवलं, उजेडाला हात लावला नाही. सावलीतला चेहरा सावलीतच राहू द्यायचा होता. तो उजळला की कवडशातला हात आणि चेहरा दोन वेगळ्या बायांचे वाटले असते.

शेवटी चाकं. सावलीत ह्यू 196, सॅच्युरेशन 7. मागच्या झाडाच्या खोडावर बोर्डो स्पष्ट होता. सावली आणि खोड आळीपाळीने पाहिले. सॅच्युरेशन 12 केलं तेव्हा सावली खोडाइतकी निळी झाली, 7ला ती फक्त थंड वाटत होती. फळावर देठाजवळ हिरवी झाक जागच्या जागी.

हा फोटो लाइटरूमच्या रेफरन्स व्ह्यूमध्ये डावीकडे कायम ठेवायचा आणि उजवीकडे चालू फोटो, असं तिघांनी केलं. लिहिलेलं वर्णन आणि नमुना फोटो या दोन्हींची गरज पडते. नुसता नमुना दिला की माणूस त्याचा एकूण भास पकडतो आणि फळ पिकवून टाकतो. नुसतं वर्णन दिलं की ‘हलका’ म्हणजे किती यावर अडतो.

जुळले की नाही

एकेक फोटो मोठा करून पाहिला तर सगळेच बरे दिसतात. चोवीसही लहान करून एका पडद्यावर मांडले तेव्हा दोन ताबडतोब बाहेर पडले. एकात आकाश फार गडद होतं, कारण तो ऑक्टोबरच्या पावसानंतरच्या स्वच्छ दिवसाचा होता आणि मार्चच्या धुरकट आकाशांमध्ये तो खुपत होता. आकाशाचा ल्युमिनन्स वाढवून तो जुळला. दुसरा का खुपतोय ते रंगात सापडेना. मग चोवीसही तात्पुरते कृष्णधवल केले, तेव्हा दिसलं की त्याचा काळा रंग बाकीच्यांपेक्षा खोल आहे. टोन कर्व्हचं टोक उचलायचं राहिलं होतं. संच जुळत नसेल तर बहुतेक वेळा दोष रंगात नसून काळ्याच्या पातळीत असतो, पण आपण रंगाच्या स्लायडरांशीच झटत बसतो. कृष्णधवल करून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

एक फोटो कशानेच जुळला नाही. मंडीतला, तिन्हीसांजेचा. वर ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, दारातून येणारा संध्याकाळचा निळा, आणि एका बाजूला जुना पिवळा बल्ब. एकाच चौकटीत तीन उजेड असतील तर एका व्हाइट बॅलन्सने फार तर एक दुरुस्त होतो. मास्क करत गेलो तर माणसांच्या कडांना रंगांच्या रेघा दिसायला लागल्या. ग्रेडिंगची ती हद्द होती. फोटो चांगला होता, म्हणून मागच्या मलपृष्ठावर एकटा टाकला, जिथे शेजारी जुळवायला दुसरा फोटोच नाही.

छपाईआधी अमरावतीहून प्रूफ मागवलं. भडक नारंगी चार रंगांच्या छपाईत पूर्ण उतरत नाही, तो विटकरी होतो. पहिल्या प्रीसेटचे फोटो छापले असते तर तो फरक मोठा दिसला असता. आमचा नारंगी मूळ फळाइतकाच ठेवलेला असल्याने घट थोडीच झाली. प्रूफ उन्हात धरून शेजारी ताजं फळ ठेवलं, आणि तोडीच्या त्याच दादाला विचारलं. तो म्हणाला, ‘आता हा आंबियाचाच दिसते. मृगाचा निराया.’ मृगाचं फळ जास्त रंगलेलं असतं, तो फरक लूकखाली दबला नव्हता. पानांबद्दल काकाजी काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मी मंजुरी समजलो.

छायाचित्रकाराला फोटो अजूनही फिके वाटतात. त्याच्या गिऱ्हाइकांना जे लागतं त्या मापाने ते फिके आहेतच.

नोंद आता कंपनीच्या फाइलमध्ये आहे आणि पुढचे फोटो त्यात मिसळायचे आहेत. अडचण जुलैच्या फोटोंची येणार. तेव्हा आंबियाचं फळ लिंबाएवढं आणि हिरवंगार असतं, आभाळ भरलेलं, उजेडाला दिशा नाही, कवडसे नाहीत. म्हणजे फळाची आणि आकाशाची ओळ निरुपयोगी. खोडावरची पावसाआधीची बोर्डो तेवढी ताजी आणि जास्त निळी असेल, त्यामुळे तिला मर्यादा मानलं तर सावल्या नेहमीपेक्षा निळ्या होऊन बसतील. त्या फोटोंसाठी मर्यादा खोडावरून काढून ओल्या काळ्या मातीवर आणि हातांवर न्यायची असं ठरवलं आहे : माती काळी राहील इतकाच टील, आणि हात तपकिरी दिसेल इतकीच ऊब.